मिठामागचं पाणी

पावसाळ्यात आमच्या नायगावात मिठाला पाणी सुटतं. जूनच्या पहिल्या सरींपर्यंत सुटं, खळखळणारं मीठ जुलैत बरणीच्या तळाशी ओलं होऊन बसतं. झाकण घट्ट लावलं तरी दोन-चार दिवसांत चमच्याला लगदा लागतो. आई बरणीत तांदळाचे दाणे टाकायची. ती म्हणायची, "मीठ हवेतलं पाणी पितं गं, त्याला काय करणार!" खाडीकडच्या मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या आम्हा मुलांना त्यात नवल वाटत नसे. पुढं मी प्राणिशास्त्र शिकले आणि शिकवलं. त्याच तांदळाच्या डब्यात फिरणारा एक तांबडा भुंगेरा आपल्या शरीराच्या शेपटाकडच्या टोकाला हीच करामत करतो, हे तेव्हा कळलं. त्याच घरात संध्याकाळी शिरणारा डास तीच यंत्रणा नेमकी उलट कामाला लावतो, हे त्याहून उशिरा कळलं. ही पुस्तिका त्या दोन कीटकांच्या मूत्राबद्दल आहे.

'मूत्र' हा शब्द वाचून पुस्तक मिटू नका. कीटकाचं शरीर इतकं लहान की त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं फार मोठा असतो. त्यामुळं पाणी उडून जायला त्याला जागा भरपूर आणि साठवायला जागा जवळजवळ नाही. अशा जिवाच्या जगण्या-मरण्याचा हिशेब पाण्याच्या जमाखर्चात लिहिलेला असतो, आणि त्या जमाखर्चाची वही माल्पिघी नलिकांच्या हातात असते.

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी या नलिका पाहिल्या आहेत. झुरळ उघडलं की मधल्या आणि मागच्या आतड्याच्या सांध्यावर पिवळसर धाग्यांचा झुपका दिसतो. झुरळात ते शंभर ते दीडशे असतात. विद्यार्थी आकृती काढतात, 'उत्सर्जन' असं लिहितात आणि पुढं जातात. मीही अनेक वर्षं तेवढंच शिकवलं. इटलीतल्या बोलोन्याचे मार्चेल्लो माल्पिघी यांनी १६६९ साली रेशीमकिड्यावरच्या ग्रंथात या नळ्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. नळ्या काय करतात हे मात्र त्यांना ठाऊक होणं शक्य नव्हतं. त्यासाठी अडीचशे वर्षांहून जास्त काळ लागला, आणि उत्तर एका रक्त पिणाऱ्या ढेकणानं दिलं.

त्याआधी एक अडचण समजून घेऊ. आपल्या मूत्रपिंडात रक्त दाबाखाली येतं आणि बारीक चाळणीतून गाळलं जातं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव असा गाळला जातो, आणि त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत ओढून घेतं. मूत्र म्हणून उरतं दीड-दोन लिटर. कीटकाकडं ही सोय नाही. त्याचं रक्त नळ्यांत कोंडलेलं नसून शरीराच्या पोकळीत खेळत असतं, त्यामुळं चाळणीतून ढकलण्याइतका दाब त्याला कुठून मिळणार? माल्पिघी नलिका एका टोकाला बंद असते आणि त्या रक्तात नुसती तरंगत असते. तिच्यात पाणी शिरतं कसं, हा खरा प्रश्न होता.

लंडनच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या शाळेत काम करणाऱ्या व्ही. बी. विगल्सवर्थ यांनी १९३१ साली दक्षिण अमेरिकेतल्या ऱ्होड्नियस या ढेकणावर तीन लेख लिहिले. आपल्या खाटेतल्या ढेकणाचा हा दूरचा आणि बराच मोठा भाऊबंद. त्याच्याही नलिका चारच. त्याचं शेवटच्या अवस्थेतलं पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या आठ-दहापट रक्त पितं, फुग्यासारखं फुगतं आणि काही मिनिटांतच मूत्राचे थेंब टाकायला लागतं. नलिकेचा वरचा लांब भाग द्रव आत ओढतो आणि आतड्याजवळचा खालचा भाग त्यातलं कामाचं परत घेतो. तिथंच युरिक आम्लाचे कण साचतात. नलिकेतली ही कामाची वाटणी विगल्सवर्थ यांनी दाखवली.

द्रव आत ओढला जातो तो नेमका कशानं, हे केंब्रिजच्या जे. ए. रॅम्झी यांनी पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उलगडलं. त्यांची पद्धत इतकी साधी आहे की ती समजावताना मला दर वेळी आनंद होतो. कीटकातून एक नलिका अख्खी सोडवून घ्यायची आणि द्रव पॅराफिनच्या तेलाखाली, कीटकाच्या रक्ताच्या किंवा तशाच क्षारांच्या एका थेंबात ठेवायची. तिचं एक टोक थेंबाबाहेर तेलात ओढून तिथं बारीक छेद द्यायचा. नलिका काम करत असेल तर छेदातून मूत्राचा थेंब बाहेर येतो. तेलात तो मिसळत नाही आणि सुकतही नाही, गोल मण्यासारखा वाढत राहतो. सूक्ष्मदर्शकातून त्याचा व्यास मोजला की आकारमान गणितानं निघतं. व्यास दशांश मिलिमीटर असेल तर थेंबात साधारण अर्धा नॅनोलिटर द्रव असतो, म्हणजे एका लिटरच्या अब्जाव्या भागाचा अर्धा. व्यास दुप्पट झाला की द्रव आठपट. त्यामुळं व्यास मोजताना झालेली लहानशी चूक हिशेबात तिपटीनं मोठी होते, हे विद्यार्थ्यानं आधीच लक्षात ठेवावं.

रॅम्झींनी थेंबातले क्षारही मोजले. त्यांनी पाहिलेल्या कीटकांमध्ये मूत्रातलं पोटॅशियम रक्तातल्या पोटॅशियमपेक्षा कितीतरी जास्त भरलं. साध्या झिरपण्यानं असं होत नाही. कुणीतरी ते ढकलत असलं पाहिजे. आज आपल्याला माहीत आहे की नलिकेच्या पेशींच्या आतल्या कडेला प्रोटॉन उपसणारे सूक्ष्म पंप ओळीनं बसलेले असतात. ते प्रोटॉन नळीच्या पोकळीत टाकतात. त्या प्रोटॉनांच्या मोबदल्यात पोटॅशियम किंवा सोडियम पोकळीत जातं, त्यामागं क्लोराईड जातं, आणि क्षार दाटले की त्यांच्यामागं पाणी येतं. पाण्याला ढकलणारं कुणी नाही. मीठ पुढं जातं आणि पाणी मागून येतं. बरणीतल्या मिठानं हवेतलं पाणी ओढावं, तसंच.

हे एकदा पक्कं बसलं की डासाकडं पाहणं सोपं होतं. डासाला पाचच नलिका असतात. मादीचं वजन दोन-तीन मिलिग्रॅम, आणि ती एका वेळी जवळजवळ तेवढंच रक्त पिते. रक्तातला मोठा वाटा खारट पाण्याचा. तिला हवी असतात त्यातली प्रथिनं, अंडी घालण्यासाठी. पाणी आणि मीठ तिच्या दृष्टीनं ओझं आहे. उडायचं तर ते उतरवायला हवं, आणि उतरवलं नाही तर आपल्या रक्तातलं सोडियम तिच्या रक्तात शिरून तिचा क्षारांचा समतोल बिघडवेल. म्हणून पोट ताणलं गेलं की संप्रेरकं सुटतात, नलिकांचे पंप पूर्ण जोरात चालू होतात आणि पहिल्या तासाभरात प्यायलेल्या प्लाझ्मातल्या पाण्याचा मोठा वाटा बाहेर पडतो. त्या पहिल्या मूत्रात मुख्यतः सोडियम असतं, कारण प्लाझ्मात तेच जास्त. पुढं लाल पेशी पचायला लागल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम सुटतं आणि मूत्राचा रंगढंग बदलतो. ऱ्होड्नियसमध्ये हा जोर मोजला गेला आहे. विश्रांतीत असलेली वरची नलिका संप्रेरक मिळताच हजारपट वेगानं द्रव ओढू लागते. सिरोटोनिन हे त्यातलं एक संप्रेरक आहे. आपल्या मेंदूतही तेच रसायन काम करतं.

मुंबई आणि तिच्या उत्तरेच्या या पट्ट्याचा हिवतापाशी जुना संबंध आहे. मुंबईतल्या हिवतापाची कारणं शोधून सी. ए. बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला. त्यांचा रोख होता घरोघरच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढणाऱ्या ॲनोफिलीस स्टिफेन्सी या डासावर. हा डास बसतो तेव्हा शेपूट वर करून तिरका बसतो. रक्त पिता पिताच तो मागच्या टोकाला एक थेंब धरतो, कधी नितळ तर कधी लालसर, कारण त्यात काही वेळा ताज्या लाल पेशीही असतात. इतक्या कष्टानं मिळवलेलं अन्न तो असं का सांडतो, असं मला फार दिवस वाटायचं. त्याची दोन उत्तरं आहेत. पाणी आधीच टाकल्यामुळं त्याच पोटात जास्त प्रथिनं मावतात. दुसरं उत्तर फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यानं शोधलं. आपलं रक्त डासाच्या मानानं तापलेलं असतं, आणि टोकाला लटकलेल्या थेंबातलं पाणी उडत असताना डासाचं पोट निवतं. माठ जसा पाणी गार करतो, तसा हा थेंब डासाला गार करतो. हे पाहायला कुणी मुद्दाम हात पुढं करू नये. या भागात हिवताप आणि डेंगी दोन्ही आहेत.

आता तांदळाच्या डब्याकडं वळू.

आमच्याकडं धान्यातल्या किड्यांना सरसकट सोंडे म्हणतात. खरा सोंड्या तो, ज्याच्या तोंडाला सोंड असते. तो दाणा कोरून आत अंडं घालतो आणि त्याची अळी दाण्याच्या आतच वाढते. तांबडा भुंगेरा वेगळा. त्याचं नाव ट्रायबोलियम. तो पिठात, रव्यात, फुटक्या कण्यांत राहतो. दोघांपुढचा प्रश्न एकच. तांदूळ चांगला वाळवला तर त्यात बारा-तेरा टक्के पाणी उरतं आणि आजूबाजूला प्यायला थेंबही नसतो. डासाला पाणी टाकायची घाई, तर याला गमावलेला प्रत्येक रेणू महाग.

त्याचं पाणी येतं कुठून, याचा हिशेब मांडून पाहू. समजा एका भुंगेऱ्यानं आयुष्याच्या काही दिवसांत १० मिलिग्रॅम कण्या खाल्ल्या आणि त्यांत १२ टक्के ओलावा होता. म्हणजे तयार पाणी मिळालं १.२ मिलिग्रॅम. उरलेल्या ८.८ मिलिग्रॅमपैकी निम्मं, म्हणजे ४.४ मिलिग्रॅम, पिष्टमय अन्न म्हणून त्यानं जाळलं असं धरू. एक ग्रॅम पिष्ट जाळलं की सुमारे ०.५६ ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे आणखी जवळजवळ अडीच मिलिग्रॅम. दाण्यातल्या ओलाव्यापेक्षा दुप्पट पाणी भुंगेरा स्वतःच्या शरीरात बनवतो! पण अन्न जाळायचं तर श्वास घ्यावा लागतो, आणि श्वसनछिद्रं उघडली की वाफ बाहेर जाते. शिवाय जाळण्यानं उष्णता येते. किडलेल्या पोत्यात हात घातला तर मधोमध ऊब लागते, ती यामुळं. तेव्हा जमेची बाजू एका मर्यादेपलीकडं वाढवता येत नाही. खर्च कमी करणं एवढंच हातात उरतं, आणि सगळ्यात मोठा टाळता येण्याजोगा खर्च विष्ठेचा.

इथं पुन्हा रॅम्झीच भेटतात. १९६४ साली त्यांनी पिठातल्या टेनेब्रियो या भुंगेऱ्याच्या अळीच्या मलाशयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या गटातल्या भुंगेऱ्यांना सहा नलिका असतात आणि त्यांची बंद टोकं झुरळासारखी मोकळी तरंगत नाहीत. ती मागं वळून मलाशयाला चिकटतात, त्याच्यावर घड्या घालून पसरतात, आणि सगळ्यावरून एक आवरण घट्ट गुंडाळलेलं असतं. या आवरणाला बारीक खिडक्या असतात. प्रत्येक खिडकीशी नलिकेची एक खास पेशी टेकलेली असते, आणि तिच्यातून पोटॅशियम क्लोराईड नलिकेत भरलं जातं. नलिकेतलं मीठ इतकं दाटतं की आसपासचं पाणी त्याच्याकडं धावणारच.

पण ते पाणी कुठल्या बाजूनं यावं? रक्तातूनच आलं तर सगळा खटाटोप व्यर्थ. अळी स्वतःच्याच अंगातलं पाणी इकडून तिकडं नेत बसेल. आवरणाचं महत्त्व इथं आहे. ते पाण्याला रक्ताच्या बाजूनं फारसं आत येऊ देत नाही. उरते एकच वाट, मलाशयातल्या विष्ठेतून. विष्ठा मागं सरकत असते, नलिकेतला द्रव पुढं वाहत असतो, आणि मीठ सगळ्यात दाट असतं ते अगदी शेपटाच्या टोकाला. विष्ठा बाहेर पडण्याआधी शेवटचा पिळा तिथं बसतो. म्हणून पिठातल्या किड्यांची विष्ठा कोरड्या भुकटीसारखी असते. आपण 'पीठ पडलंय' म्हणतो, त्यात तीही असते.

१९७० च्या दशकात टोरांटोच्या जॉन मॅचिन यांनी या द्रवाची तीव्रता मोजली. ती समुद्राच्या पाण्याच्या सहा-सातपट भरली. एवढ्या दाट द्रवाभोवतीची हवा ८८-८९ टक्क्यांहून जास्त दमट असेल, तर पाण्याचा ओघ हवेतून द्रवाकडं वाहिला पाहिजे, असं साधं भौतिकशास्त्र सांगतं. आणि टेनेब्रियोची अळी खरोखरच ८८ टक्क्यांच्या वरच्या दमटपणात हवेतली वाफ मलाशयातून पिते. काही न खाता तिचं वजन वाढतं. आईच्या बरणीतलं खाण्याचं मीठ ७५ टक्क्यांना पाणी ओढायला लागतं, पोटॅशियम क्लोराईड ८४-८५ च्या आसपास. अळीचा आकडा त्यांच्याच पंगतीतला आहे. नायगावच्या जुलैत ८८ टक्क्यांची हवा ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

खिडकीतल्या त्या पेशी पोटॅशियम नेमकं कशानं ढकलतात, हे ट्रायबोलियमवर काम करणाऱ्या एडिंबरा आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. त्या पेशींत एनएचए-१ नावाचं एक वाहक प्रथिन असतं. ते बंद पाडलं की भुंगेऱ्याची पाणी राखण्याची ताकद ढासळते. धान्यातली कीड मारायला नवं, नेमकं औषध यातून निघेल का, याकडं अनेकांचे डोळे लागलेले आहेत. मी त्याबद्दल घाई करणार नाही. प्रयोगशाळेत एक जनुक गप्प करणं आणि गोदामातल्या पोत्यांपर्यंत औषध पोचवणं, यात फार अंतर आहे.

विष्ठा कोरडी ठेवायची तर तिच्यातला नायट्रोजनचा कचराही कोरडा हवा. अमोनिया बाहेर टाकायला खूप पाणी लागतं, युरियाला त्याहून कमी, आणि युरिक आम्लाला जवळजवळ नाहीच. ते पाण्यात इतकं कमी विरघळतं की स्फटिक होऊन खाली बसतं. धान्यातले कीटक म्हणूनच युरिक आम्ल टाकतात. (झुरळाबद्दल क्रमिक पुस्तकं जे सांगतात ते पूर्ण खरं नाही. ते बरंचसं युरिक आम्ल बाहेर न टाकता चरबीत साठवून ठेवतं. त्यावर पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे.)

या युरिक आम्लाचा उपयोग आपल्याच लोकांनी फार चांगला केला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात सुब्रह्मण्यन, स्वामिनाथन आणि एस. व्ही. पिंगळे यांच्या गटानं धान्याची कीड युरिक आम्लावरून मोजायची पद्धत मांडली. चाळणीनं किडे निघून जातात, पाखडलं की भुकटी उडते, आणि व्यापारी म्हणतो धान्य स्वच्छ आहे. पण सोंड्याची अळी दाण्याच्या आत राहिलेली असते, आणि तिचं युरिक आम्लही आतच राहतं. भारतीय नियमांत धान्यासाठी ही मर्यादा किलोमागं १०० मिलिग्रॅम आहे.

हा आकडा काय सांगतो ते पाहू. युरिक आम्लाच्या वजनाचा एक तृतीयांश भाग नायट्रोजन असतो, म्हणजे १०० मिलिग्रॅममध्ये ३३ मिलिग्रॅम. तांदळातल्या नायट्रोजनला सहानं गुणलं की साधारण प्रथिन मिळतं. म्हणजे २०० मिलिग्रॅम प्रथिन किड्यांच्या शरीरातून जाऊन कचरा झालं. तांदळात सात टक्के प्रथिन धरलं तर ते तीन ग्रॅम तांदळातलं. खाल्लेलं धान्य याहून जास्त असणार, कारण बरंचसं प्रथिन किड्यांनी स्वतःच्या अंगात ठेवलं असेल आणि काही न पचता गेलं असेल. मर्यादेवरच्या किलोभर तांदळानं किमान तीन ग्रॅम दिले, एवढं पक्कं. हा निकष विषाचा नसून घाणीचा आहे, हेही सांगायला हवं. आणि त्याची एक आंधळी बाजू आहे. धान्यातले माइट कोळ्यांच्या गणगोतातले. ते युरिक आम्लाऐवजी ग्वानिन टाकतात, म्हणून या चाचणीत ते निसटतात.

घरी चाचणी करता येत नाही, पण पाण्याचा हा जमाखर्च घरीही बिघडवता येतो, आणि आपल्या आज्यांनी तो बिघडवला आहे. ओलावा नऊ टक्क्यांच्या खाली गेला तर सोंड्याची पैदास थांबते, म्हणून एप्रिल-मे महिन्यात धान्याला ऊन दाखवायचं. खापरा नावाचा भुंगेरा मात्र दोन टक्क्यांच्या धान्यातही तगतो, तेव्हा उन्हावर सगळी भिस्त नको. वाल राखेत ठेवायची पद्धत याहून खोल जाते. कीटकाच्या अंगावर मेणाचा एक पातळ थर असतो आणि पाणी आत राहतं ते त्याच्यामुळं. तोच थर राखेचे कण घासून काढतात. विगल्सवर्थ यांनीच १९४० च्या दशकात बारीक भुकटीत ऱ्होड्नियस फिरवून हे दाखवलं. त्वचेचा थर खरवडला गेला की पाणी अंगभर झिरपून जातं, आणि मलाशयात कितीही दाट मीठ भरलं तरी ती तूट भरून निघत नाही. अशा भुंगेऱ्याला दमट हवेत ठेवलं तर तो जगू शकतो, कोरड्यात मरतो. म्हणून राखेतले वाल पावसाळ्याच्या आधी, कोरड्या दिवसांत भरायचे आणि डबा तेव्हाच बंद करायचा. ऑगस्टमध्ये घातलेली राख हवेतलं पाणी पिऊन गोळा होते आणि फारशी घासत नाही.